रिंग ‘पडली’ म्हणजे नेमकं काय झालं?

“रिंग पडली. फीड २७०. लक्ष ठेवा.”

सकाळचे सहा वाजायला पाच मिनिटं कमी असताना रात्रपाळीच्या ऑपरेटरने आमच्या सिमेंट कारखान्यातल्या किल्नच्या नोंदवहीत हे तीन वाक्यांचं टिपण लिहिलं. ते मराठीत होतं. लिहिणारा मराठी, वाचणारा मराठी, दोघांनीही किल्न चालवण्यात उमेदीची वर्षं घातलेली. तरीही वाचणाऱ्याने बरोबर उलटा अर्थ घेतला. दुपारपर्यंत किल्न थांबलेली होती आणि कूलरमध्ये लालभडक क्लिंकरचा ढीग साचला होता. कोणाला इजा झाली नाही, म्हणून आज त्याबद्दल शांतपणे लिहिता येतं.

त्यानंतर नोंदवहीच्या भाषेचा वाद सुरू झाला. एक गट म्हणाला, यापुढे नोंद फक्त इंग्रजीत. दुसऱ्या गटाने लगेच किल्नपासून ग्राइंडिंगपर्यंतच्या शब्दांची शुद्ध मराठी यादी करायला घेतली. मला दोन्ही वाटा चुकीच्या वाटल्या आणि अजूनही वाटतात. नोंद मराठीत हवी, पण नामांचं भाषांतर करण्यात काही हशील नाही. कस लागतो तो क्रियापदांपाशी. वस्तूचं नाव काय, याने कारखान्यात सहसा घोटाळा होत नाही. त्या वस्तूचं काय झालं, हे सांगताना होतो.

आधी रिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय ‘पडली’ हा शब्द किती निसरडा आहे हे कळणार नाही.

किल्न म्हणजे एक लांबलचक, किंचित उतरती, फिरती पोलादी नळी. आमची ७२ मीटरची. आतून विटांचं अस्तर. वरच्या तोंडातून तापलेला, पिठासारखा कच्चा माल आत येतो, खालच्या तोंडात बर्नरची ज्योत असते. माल फिरत फिरत ज्योतीकडे सरकतो, साधारण १४५० अंशांना पोचतो आणि त्याचा काही भाग वितळून चिकट होतो. याच चिकटपणामुळे त्याचे गोटे वळतात, तेच क्लिंकर. ते खालच्या तोंडातून कूलरमध्ये पडून गार होतं. हाच चिकट माल विटांवरही बसतो. त्याला कोटिंग म्हणतात, आणि ते हवंच असतं. जखमेवर खपली असते तसं ते विटेला जपतं. पण कधी कधी एकाच जागी ते वाजवीपेक्षा जास्त वाढत जातं आणि नळीच्या आत जाडजूड कडं तयार होतं. ही रिंग. तिच्यामागे माल तुंबतो, आतली वाट अरुंद होते, वायू ओढायला पंख्याला जास्त जोर लावावा लागतो.

रात्रपाळीच्या ऑपरेटरला हे सगळं दिसलं होतं. किल्नच्या पत्र्याचं तापमान बाहेरून मोजणारा स्कॅनर असतो. बर्नरकडून २६ ते २९ मीटरच्या पट्ट्यात एरवी २६० अंशांच्या आसपास असणारं तापमान दोन दिवसांत १७० वर उतरलं होतं. आत थर जाड झाला की बाहेरचा पत्रा गार पडतो. क्लिंकर एकसारखा न येता लाटांनी येत होता. प्रयोगशाळेने फ्री लाइम, म्हणजे भाजणीत न जुळता राहिलेला चुना, एका तासाला ०.९ टक्के सांगितलं, पुढच्या तासाला २.४. माल कडेपाठी अडतो आणि मग भसकन सुटतो, तेव्हा काही जास्त भाजतो, काही कच्चा राहतो. गड्याने योग्य तेच केलं. फीड, म्हणजे आत सोडायचा कच्चा माल, तासाला ३१० टन होतं ते २७० वर आणलं आणि लिहिलं, “रिंग पडली.”

त्याच्या मराठीत हे चूक नव्हतं. हाताला घट्टा पडतो, पायाला भेग पडते, कपड्याला सुरकुती पडते, केसात टक्कल पडतं. या प्रत्येक ठिकाणी ‘पडणे’ म्हणजे नव्याने तयार होणे. रिंग पडली म्हणजे रिंग तयार झाली.

सकाळी आलेल्याच्या मराठीतही काही चूक नव्हती. भिंत पडते, दात पडतो, आंबा पडतो. रिंग पडली म्हणजे रिंग निखळून खाली आली.

किल्नवर या दोन अर्थांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रिंग तयार झाली असेल, तर धोका अजून पुढे आहे: फीड कमीच ठेवायचं, बर्नर थोडा आतबाहेर करून उष्णतेची जागा हलवून पाहायची, आणि कूलरच्या तोंडाशी माणसं जाऊ द्यायची नाहीत. रिंग पडून गेली असेल, तर मोठा लोंढा येऊन गेलेला असतो. फीड कमी केलं ते त्या लोंढ्यासाठी, आता हळूहळू वाढवायला हरकत नाही. सकाळच्या ऑपरेटरने दुसरा अर्थ घेतला. त्याने स्कॅनर पाहिला का? पाहिला. पण रिंग गेली असं डोक्यात घेऊन पाहणाऱ्याला १७० अंशांचा गार पट्टा ‘नवीन कोटिंग छान बसलंय’ असा दिसतो. विटा उघड्या पडल्या असत्या तर पत्रा तापत गेला असता, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. तेवढी चूक त्याची, आणि ती त्याने कबूलही केली.

आठपर्यंत फीड ३०० वर गेलं. आठ वीसला रिंग सुटली, यावेळी खरोखरीची. तिच्यामागे तुंबलेला माल एकदम खाली आला. किल्नच्या मोटरचा अँपिअर वर-खाली नाचायला लागला. कूलरच्या जाळीखालचा हवेचा दाब ५२० मिलिमीटरवरून ७०० च्या पुढे गेला, कारण जाळीवर थर एवढा जाड झाला की हवेला त्यातून वर यायला जागाच उरली नाही. किल्नच्या तोंडाशी नेहमी थोडी ओढ असते, ती उलटी होऊन फटींतून ज्वाळा आणि धूळ बाहेर फेकली जाऊ लागली. किल्नचा वेग कमी करणं, फीड तोडणं, कूलरची जाळी पळवणं, हे सगळं केलं, पण ते तीस टन फीड जास्तीचं होतं. मोठमोठे लाल तुकडे कूलरच्या शेवटच्या हॅमर क्रशरपाशी अडकले आणि किल्न थांबवावी लागली.

आता ‘इंग्रजीच हवी’ म्हणणाऱ्यांचं ऐकू. त्यांचा मुद्दा या घटनेपुरता खरा आहे. इंग्रजीत ‘फॉर्म्ड’ आणि ‘फेल डाउन’ हे दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीतही ‘बन गई’ आणि ‘गिर गई’ यांत गोंधळ नाही. मराठीच्या ‘पडणे’ने आमचा घात केला. पण मग मराठीत दुसरं क्रियापद नाही का? गंज धरतो, बुरशी धरते, खपली धरते. तशी रिंग ‘धरली’ म्हणा. आणि खाली आली, की ‘सुटली’ म्हणा. कोटिंगलाही तेच: ‘बसलं’ आणि ‘सुटलं’. ‘पडणे’ हे क्रियापद किल्नच्या वहीतून कायमचं रद्द करा. आमच्या तंट्यातून निघालेला हा एक नियम मी आजही सगळ्यात कामाचा मानतो, आणि तो कुठल्याही परिभाषा कोशात सापडणार नाही, कारण कोश मुख्यतः नामांचे असतात.

इंग्रजीची बाजू घेणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की कारखान्यातली इंग्रजी नोंद तुम्ही खरोखर वाचली आहे का. तिथे पुस्तकातली इंग्रजी नसते, एक वेगळीच गोठलेली बोली असते. ‘अटेंडेड’ हा तिचा राजा. बेअरिंग गरम झालं, अटेंडेड. पट्टा सरकला, अटेंडेड. म्हणजे काय केलं? ग्रीस भरलं, नट आवळला, की नुसतं जाऊन हात लावून आलात? कोणालाच कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळू नये हीच कधी कधी त्या शब्दाची सोय असते. आपण मराठीत लिहितानाही ‘अटेंड केलं’ लिहितो, तेव्हा भाषा बदलली तरी लबाडी तीच राहते. पण ज्याला सरळ मराठीत लिहायला बसवलं, तो ‘ग्रीस भरलं, तरी तापमान ७८ वर आहे’ असं लिहितो. कारण आपल्या भाषेत अर्धवट बोललेलं आपल्यालाच अर्धवट वाटतं. परक्या भाषेत ते अधिकृत वाटतं.

मराठी जिथे इंग्रजीपेक्षा सरस ठरते, तो शब्द म्हणजे ‘बंद’. इंग्रजी नोंदीत ‘मिल स्टॉप्ड’ एवढंच असतं. मराठीत तुम्हाला ठरवावंच लागतं: मिल बंद पडली, मिल बंद केली, की मिल बंद ठेवली आहे? ‘बंद पडली’ म्हणजे तिची ती थांबली. कुठलं तरी संरक्षण लागू होऊन मोटरची वीज तुटली, आणि कारण अजून शोधायचं आहे. ‘बंद केली’ म्हणजे माणसाने थांबवली, कारण त्याला माहीत आहे, आणि कदाचित पुन्हा चालू करायला काहीच हरकत नाही. ‘बंद ठेवली’ म्हणजे ती तशीच राहिली पाहिजे, कोणीतरी कशासाठी तरी ती थांबवून धरली आहे. मी या तिन्हींत चौथं जोडतो: ‘कुलूप लावून बंद’. म्हणजे वीज तोडलेली आहे, स्विचला कुलूप आहे, किल्ली अमुकाकडे आहे आणि आत माणूस असू शकतो. या चार वाक्यांतलं कुठलं खरं आहे, हे न सांगता ‘मिल बंद’ लिहून जाणं म्हणजे पुढच्याच्या हातात न फुटलेला फटाका देऊन जाणं. तो विझलेला आहे की नाही हे त्याने हात लावून पाहायचं.

यावर एक योग्य आक्षेप आला: भाषा एक असली म्हणजे निरोप पोचतोच असं नाही. ते मान्यच आहे. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर आल्फा या तेलफलाटावर १६७ माणसं गेली. तिथे देखभालीसाठी एका पंपाची सुरक्षा झडप काढलेली होती, ही गोष्ट पाळी बदलताना पुढच्यांपर्यंत नीट पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला आणि त्यांनी पहिला चालू केला. त्या सगळ्यांची भाषा इंग्रजीच होती. तेव्हा मराठीत लिहिलं की सगळं सुरळीत होईल, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते इतकंच की ‘थांबलेला’ आणि ‘चालू करू नये असा थांबलेला’ हा फरक आपल्या भाषेत क्रियापदातच बसवलेला आहे. आयता हाताशी असलेला फरक आपण का टाकून द्यावा?

आता दुसऱ्या गटाकडे वळतो. त्यांच्याशी माझं भांडण जास्त प्रेमाचं आहे, कारण मराठीची तळमळ त्यांना आहे. त्यांच्या यादीत किल्नला ‘भट्टी’, सायक्लोनला ‘चक्रवात’, कूलरला ‘शीतक’, सेपरेटरला ‘विभाजक’ असे शब्द होते. भट्टी हा शब्द जुना आणि सुंदर आहे, पण आमच्या आवारात कच्चा माल सुकवायला गरम वायू करणारी एक भट्टी आहे, प्रयोगशाळेत नमुना भाजायची आणखी एक. ‘भट्टीचं तापमान वाढवा’ हा निरोप तिघांकडे जाऊ शकतो. ‘किल्न’ म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांसमोर येते. (ती किल्न की तो किल्न, यावरही आमच्याकडे दोन पंथ आहेत. त्यात मी पडत नाही.) चक्रवाताची तर गंमतच. सायक्लोन म्हणजे वायू गोल फिरवून त्यातली भुकटी खाली पाडणारं उभं नरसाळं. रात्री तीन वाजता फोनवर ‘पाचवा चक्रवात तुंबला’ असं ऐकलेला माणूस आधी हसेल आणि मग विचारेल, कुठला? तेवढ्या वेळात आठ-नऊशे अंशांचा माल नरसाळ्यात आणखी वर चढलेला असतो. असा तुंबलेला गरम माल सुटतो तेव्हा पाण्यासारखा वाहतो, आणि माणसं भाजण्याचे भयानक प्रसंग याच ठिकाणी घडतात. इथे हसायला वेळ नाही.

शिवाय पडद्यावर काय लिहिलेलं आहे? धोक्याची सूचना `KILN MAIN DRIVE TRIP` अशीच येते. यंत्रावरच्या पाटीवर, नकाशावर, सुट्या भागाच्या पेटीवर तेच नाव आहे. वहीतलं नाव या सगळ्यांशी जुळलं नाही, तर पुढच्याला मनातल्या मनात एक भाषांतर जास्त करावं लागतं. म्हणून माझा आग्रह असा, की यंत्राचं जे नाव पाटीवर आणि तोंडात आहे, तेच देवनागरीत लिहावं. किल्न, क्लिंकर, सायक्लोन, कूलर, मिल, सेपरेटर हे शब्द आता आपलेच आहेत. त्यांना मराठी प्रत्यय लागतात, त्यांची अनेकवचनं होतात. सायक्लोनचा, मिलला, क्लिंकरमध्ये. एखादा शब्द परका राहिलाय की घरचा झालाय हे त्याला विभक्ती सहज लागते का यावरून कळतं.

पण एका जागी मात्र मी नामांच्याही भाषांतराच्या बाजूने आहे, आणि ते म्हणजे इंग्रजी विशेषण पुढे लागलेल्या जोडशब्दांच्या बाबतीत. ‘फॉल्स’ हा शब्द घ्या. फॉल्स एअर आणि फॉल्स सेट, दोन्ही आमच्या रोजच्या बोलण्यातले. यादी करणाऱ्यांनी पहिल्याला ‘खोटी हवा’ आणि दुसऱ्याला ‘खोटं घट्टपण’ केलं होतं. दुसरं ठीक आहे. मिलमध्ये सिमेंट १२० अंशांच्या आसपास किंवा वर तापलं, की त्यातल्या जिप्समचं पाणी उडतं. मग असं सिमेंट पाण्यात कालवलं की काही मिनिटांत घट्ट झाल्यासारखं दिसतं, आणि पुन्हा ढवळलं की सैल होतं. ते घट्ट होणं खरोखरच खोटं असतं, सोंग असतं.

पण फॉल्स एअर खोटी नसते. ती शंभर टक्के खरी हवा असते, फक्त नको तिथून आत शिरलेली. सीलच्या फटीतून, नीट न लागलेल्या दरवाज्यातून, झिजलेल्या फ्लॅपमधून. ती जळणाच्या कामी येत नाही आणि पंख्याची ताकद मात्र खाते. तिचा खरा धोका मापनात आहे. प्रीहीटर, म्हणजे किल्नआधी माल तापवणारी सायक्लोनची रांग, तिच्या वर बसवलेला मापक ६ टक्के प्राणवायू दाखवतो, ऑपरेटरला वाटतं हवा भरपूर आहे, तो पंख्याची ओढ कमी करतो. प्रत्यक्षात किल्नच्या तोंडाशी जेमतेम १ टक्का असतो, कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढायला लागतो. मधली ५ टक्क्यांची तफावत वाटेत आत घुसलेल्या हवेची असते. ‘खोटी हवा’ वाचून नव्या मुलाला वाटेल की मापकच खोटं बोलतोय, आणि तो मापक तपासायला माणूस पाठवेल. मी तिला ‘चोरटी हवा’ म्हणतो. चोरटी म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुठून शिरली? आणि नेमकं तेच शोधायचं असतं.

‘फ्री लाइम’चंही तसंच. कोणी ‘मुक्त चुना’ लिहितं. मराठीत ‘मुक्त’ हा गौरवाचा शब्द आहे, आणि ‘चुनामुक्त’ म्हटलं तर अर्थ पार उलटा होतो. क्लिंकरमध्ये जो चुना सिलिकाशी आणि बाकीच्या ऑक्साइडांशी जुळला नाही, एकटा राहिला, तो हा. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: सुटा. सुटे पैसे, सुटा माणूस, सुटा चुना. तो जास्त असेल तर भाजणी कमी पडली, किंवा कच्चा माल जाड दळला गेला, किंवा रिंगमुळे माल लाटांनी आला. फारच कमी असेल तर जास्त भाजलं, कोळसा वाया गेला आणि क्लिंकर असा टणक झाला की मिलवाल्यांच्या शिव्या बसणार. आकड्यापुढे मी ‘फ्री लाइम’च लिहितो, कारण प्रयोगशाळेचा तक्ता तसा आहे. पण पाळीवर येणाऱ्या नव्या मुलाला समजावताना ‘सुटा चुना’ म्हटलं की त्याचे डोळे चमकतात हे मी पाहिलं आहे.

ग्राइंडिंगकडे थोडक्यात जातो, कारण तिथे मोठे घोटाळे दोनच. पहिला ‘मिल भरली’. बॉल मिलमध्ये पोलादी गोळे असतात, ते झिजतात, मधूनमधून नवे भरावे लागतात. देखभालीनंतर ‘मिल भरली’ म्हणजे गोळे भरले. चालू पाळीत ‘मिल भरली’ म्हणजे आत माल तुंबला. तुंबलेली मिल कानाला कळते, गोळ्यांचा खणखणाट दबून आवाज बद्द येतो, आणि अनुभव नसलेल्याला चकवणारी गोष्ट म्हणजे मोटरचा भार वाढत नाही, उतरतो. कोणी ‘मिल भरली, भार कमी’ एवढंच लिहिलं, तर वाचणारा गोळे भरूनही भार कमी कसा म्हणून गोळ्यांचा हिशोब तपासत बसेल. ‘गोळे भरले’ आणि ‘माल तुंबला’ लिहायला अर्धी ओळसुद्धा लागत नाही.

दुसरा ‘रिजेक्ट’. सेपरेटर बारीक सिमेंट पुढे पाठवतो आणि जाड माल पुन्हा दळायला मिलमध्ये परत पाठवतो. त्या परत येणाऱ्याला रिजेक्ट म्हणतात. नवखा माणूस ‘रिजेक्ट वाढला’ वाचून घाबरतो, त्याला वाटतं एवढं सिमेंट नापास झालं. ‘परतीचा माल’ म्हटलं तर हा गैरसमज होत नाही. पण नुसतं ‘माल’ म्हणू नका. आमच्याकडे चुनखडी माल, तिचं पीठ माल, क्लिंकर माल, सिमेंटही माल. ‘माल येत नाही’ हे वाक्य मी वहीत इतक्यांदा वाचलं आहे, आणि दर वेळी फोन करून विचारावं लागलं आहे की कुठला माल आणि कुठे येत नाही.

राहिला प्रश्न इतर भाषिकांचा. महाराष्ट्रात चुनखडीचा मोठा पट्टा चंद्रपूर जिल्ह्यात, कोरपना-राजुऱ्याकडे, तेलंगणाच्या सीमेला लागून. तिथल्या पाळीत मराठी, तेलुगू, हिंदी सगळी माणसं असतात. मराठीत लिहिलेलं त्यांना कळेल का? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. एवढं सांगतो, की यंत्रांची नावं तशीच ठेवली, आकडे एकक आणि जागेसह लिहिले आणि क्रियापदं मोजकी व ठरलेली ठेवली, तर वर्षभर इथे काम केलेला तेलुगू माणूस ती नोंद वाचतो, वाचलेली मी पाहिली आहे. इंग्रजीत ती लिहिली तर त्यालाही परकी आणि आम्हालाही परकी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ ने सूचनाफलक इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असावेत असं सांगितलं. म्हणजे भिंतीवरची पाटी कळावी याची काळजी कायद्याने घेतली. पाळीची वही मात्र फलक नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. हेल्मेट घालायची सूचना मला माझ्या भाषेत मिळते, आणि किल्नमध्ये रिंग आहे की नाही हे मात्र साहेबांच्या भाषेत.

त्या दिवसाचं टिपण कसं असायला हवं होतं, ते रात्रपाळीच्या त्याच ऑपरेटरबरोबर बसून आम्ही नंतर लिहून काढलं. जे पाहिलं, जे केलं आणि जे राहिलं, एवढ्याच क्रमाने.

“बर्नरकडून २६ ते २९ मीटरवर रिंग धरली आहे, अजून सुटलेली नाही. स्कॅनरवर तिथे १७० अंश, परवा २६० होतं. क्लिंकर लाटांनी येतो आहे, फ्री लाइम ०.९ ते २.४. रात्री तीनला फीड ३१० वरून २७० केलं, किल्नचा वेग मिनिटाला ४.२ फेरे तसाच ठेवला आहे. बर्नर हलवलेला नाही, तो निर्णय राहिला आहे. रिंग सुटेपर्यंत फीड वाढवू नये. कूलरच्या तोंडाशी कोणाला पाठवू नये. सुटली तर आधी किल्नचा वेग कमी करा, मग फीड.”

त्याने ते दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं, मी सुचवलेलं नाही. ‘सुटलेली नाही’ला पेनने खाली रेघ मारली. मग म्हणाला, “भाऊ, हे बरोबर आहे. पण एवढं लिहायला मला दहा मिनिटं लागतील. बस सहा-दहाला सुटते, आणि पाच पंचावन्नपर्यंत मी पडद्यावरून नजर काढू शकत नाही. वहीची भाषा तुम्ही ठरवलीत. बसचं काय ठरलं?”

वहीची भाषा ठरवणाऱ्या समितीच्या पुढच्या बैठकीसाठी तो विषय मी सुचवला आहे. भाषेच्या यादीला सगळ्यांनी दोन तास दिले होते. बसच्या वेळेचा मुद्दा अजून विषयपत्रिकेवर आलेला नाही.